हप्ता मालाच्या पैशातून जातोय : शाखा व्यवस्थापकांना एका दुकानदाराचे खुले पत्र

मा. शाखा व्यवस्थापक साहेब,

सप्रेम नमस्कार.

माझ्या कर्जाची पुनर्रचना करा, म्हणजे मुदत वाढवून हप्ता कमी करा, असं मागणारं पत्र मी तुमच्या टेबलावर ठेवायला दोनदा आलो होतो. पहिल्यांदा तुम्ही वाचून परत दिलंत आणि म्हणालात, "खातं चालू आहे की तुमचं, मग पुनर्रचना कशाची?" दुसऱ्यांदा आवक खिडकीवरच्या मुलाने साहेबांना विचारल्याशिवाय शिक्का मारता येत नाही म्हणून सांगितलं. तुम्ही मीटिंगला गेला होतात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. बँकेचं आणि शाखेचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही. माझ्या रांगेतल्या आणखी तीन-चार दुकानदारांचं रडगाणं हेच आहे आणि त्यांनाही तोंडीच उत्तरं मिळाली आहेत. त्यांनाही हे वाचता यावं, एवढाच हेतू.

माझं चपला-बुटांचं दुकान आहे. जागा भाड्याची. तुमच्या शाखेतून मी दोन कर्जं घेतली. एक बारा लाखांचं मुदत कर्ज, पाच वर्षांसाठी, ११ टक्क्यांनी, हप्ता २६,१०० रुपये. त्यातून फर्निचर झालं आणि मुलांच्या बुटांचा नवा विभाग उघडला. दुसरं आठ लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागतील तसे पैसे काढायचे आणि भरायचे, त्याचं व्याज महिन्याला सातेक हजार. मुदत कर्जाचे २२ हप्ते गेले आहेत. एकही बुडालेला नाही. शेवटचे तीन मात्र उशिरा गेले, आधी ६ दिवस, मग ११, मग १९. हा उतार माझ्या आधी तुमच्या पडद्यावर दिसला असणार.

विक्री का घसरली ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवीन काही नाही. दुकानासमोरचा बसथांबा रस्त्याच्या कामासाठी हलवला, काम संपलं तरी तो परत आला नाही. शिवाय लोक दुकानात बूट घालून बघतात, नंबर लक्षात ठेवतात आणि मोबाइलवर मागवतात. त्यांना मी दोष देत नाही, माझा मुलगाही तेच करतो. दुकानात पाय ठेवणारी माणसं मी वहीत रेघा मारून मोजतो. पूर्वी दिवसाला ४५च्या आसपास असायची, आता ३० ते ३२. महिन्याची विक्री चार लाखांवरून तीन लाखांवर आली आणि गेले १४ महिने तिथेच अडकली आहे. दोन कारणांपैकी थांब्याचं कदाचित सुटेल, मोबाइलचं सुटणार नाही. त्यामुळे "धीर धरा, विक्री परत येईल" हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. माझा सगळा हिशेब आजच्या तीन लाखांवरच मांडलेला आहे.

चार लाखांच्या विक्रीवर शंभरामागे २८ रुपये ढोबळ नफा सुटायचा, म्हणजे १ लाख १२ हजार. भाडं, दोन पोरांचा पगार, वीज आणि किरकोळ मिळून ५२ हजार जायचे. कॅश क्रेडिटचं व्याज सात हजार, हप्ता २६,१००. घरासाठी २७ हजारांच्या आत-बाहेर उरायचे. आता तीन लाखांवर, आणि थोडी सूट द्यावी लागते म्हणून शंभरामागे २७ धरून, ८१ हजार सुटतात. एका पोराला मी दुसरीकडे काम बघून दिलं, त्याच्या जागी बायको गल्ल्यावर बसते. वरचे दिवे बंद असतात. खर्च ३८ हजारांवर आणला, त्याहून खाली तो जात नाही. राहिले ४३ हजार. त्यातून सात हजार व्याज आणि २६,१०० हप्ता गेला की ९,९०० उरतात. घरखर्च आम्ही १६ हजारांवर आणलाय. दर महिन्याला ६,१०० कमी पडतात.

साहेब, हे ६,१०० कुठून येतात, हे मला तुमच्या शाखेत कुणी विचारलं नाही. ते मालाच्या पैशातून येतात. शंभराचा बूट विकला की त्यातले ७३ मालाचे असतात, ते परत मालात जायला हवेत. मी त्यातले थोडे काढून तुमचा हप्ता भरतो. १४ महिन्यांत असे ८५ हजार रुपये दुकानातून निघून गेले. तुमच्या दृष्टीने हप्ता आला, खातं चालू आहे. माझ्या दृष्टीने रॅकवरचे ८५ हजारांचे बूट तुमच्याकडे जमा झाले.

आणि ते कुठले बूट गेले हे बघा, कारण सगळी गोम तिथे आहे. आमच्या धंद्यात एका डिझाइनचा सेट येतो. उदाहरणार्थ आठ जोड असतील तर ६ नंबरचा एक, ७, ८ आणि ९चे दोन-दोन, १०चा एक. खपतात आधी ७, ८, ९. हातात पैसा असला की मधले नंबर लगेच मागवून सेट भरून काढता येतो. पैसा हप्त्यात गेला की सेट तुटतो. मग रॅकवर डिझाइन दिसतं, गिऱ्हाईक आवडीने हात लावतं, ८ नंबर मागतं आणि मी म्हणतो, "त्यात ६ आणि १० आहे." गिऱ्हाईक जातं. म्हणजे या महिन्याचा हप्ता पुढच्या महिन्याची विक्री खातो. बसथांबा हलल्यावर जी घसरण झाली ती माझ्या हातात नव्हती. पण त्यानंतर विक्री वर सरकत नाही, त्याला तुटलेले सेट कारण आहेत असं माझं मत आहे, आणि ते रोज गल्ल्यावर उभं राहून झालेलं आहे.

इथे एक कबुली देतो. दर महिन्याला मी तुम्हाला जे स्टॉक स्टेटमेंट देतो त्यात सगळा माल खरेदीच्या भावाने धरतो, तुटलेले सेटसुद्धा. खोटं त्यात काही नाही, माल दुकानात आहे. पण पूर्ण खरंही नाही. पूर्वी पैसे चुकते केलेला माल १० लाख ८० हजारांचा होता. तुम्ही त्यातून २५ टक्के मार्जिन कापता आणि उरेल तेवढीच रक्कम वापरू देता. ती ड्रॉइंग पॉवर तेव्हा ८ लाख १० हजार, म्हणजे पूर्ण लिमिट वापरायला मोकळं. आज माल ९ लाख ९५ हजारांचा आहे. ड्रॉइंग पॉवर ७ लाख ४६ हजारांवर आली आणि मी आठ लाख वापरून बसलोय. ५४ हजार जास्तीचे. तुमच्या नोटिशीत हीच रक्कम पंधरा दिवसांत भरा असं लिहिलंय. पण आतली गोष्ट आणखी वाईट आहे. ९ लाख ९५ हजारांतला २ लाख ४० हजारांचा माल तुटलेल्या सेटचा आहे. खरा चालता माल ७ लाख ५५ हजार. त्यावर ड्रॉइंग पॉवर निघते ५ लाख ६६ हजार. हे तुमच्या स्टॉक तपासणीवाल्याला कधीच कळलं नाही, कारण तो खोके मोजतो, खोक्यांतले नंबर बघत नाही. मी स्वतःहून सांगतोय, कारण खोट्या आकड्यावर केलेली पुनर्रचना वर्षभरात पुन्हा कोसळेल.

आता माझ्या तक्रारी.

पहिली म्हणजे "आधी थकू द्या, मग बघू" हे तुमचं वाक्य. तुम्ही हसत म्हणालात, पण मला रात्रभर झोप लागली नाही. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं अनुत्पादित, म्हणजे बिघडलेलं, धरलं जातं, हे आता आम्हा दुकानदारांनाही ठाऊक आहे. कॅश क्रेडिटची रक्कम ड्रॉइंग पॉवरच्या वर सलग ९० दिवस राहिली तरी तेच. माझं कॅश क्रेडिट वर जाऊन ४० दिवस होत आले. म्हणजे मुदत कर्जाचे हप्ते मी रक्त आटवून भरत राहिलो तरी दुसऱ्या दाराने खातं बिघडणारच आहे. बिघडल्यावर माझ्याकडे उरेल काय? तुटके सेट आणि भिंतीच्या मापाचं फर्निचर, जे काढलं तर सरपणाच्या भावाने जाईल. आज पुनर्रचना केली तर दुकान चालतं राहून कर्ज फेडेल. पाच महिन्यांनी केली तर फेडायला दुकानच नसेल.

दुसरी तक्रार टॉप-अपची. पुनर्रचना मागायला आलेल्या माणसाला तुमच्या कर्ज विभागाने दोन लाखांचं आणखी कर्ज घ्यायला सांगितलं. पाच वर्षांसाठी घेतलं तर त्याचा हप्ता साधारण ४,३०० होतो. तूट ६,१००ची, ती १०,४०० होणार. आधी ५४ हजार भरले जातील, दोन-चार हप्ते सुरळीत जातील, शाखेचा आकडा चांगला दिसेल आणि वर्षाच्या आत मी आणखी खोल खड्ड्यात असेन. सुचवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण याला औषध म्हणत नाहीत, साहेब.

तिसरी माझ्या मेहुण्याबद्दल. तो जामीनदार आहे. हप्त्याला ११ दिवस उशीर झाला तेव्हा वसुली विभागातून थेट त्याला फोन गेला, मला नाही. जामीनदाराला विचारण्याचा बँकेचा हक्क मी नाकारत नाही, सही त्याने केलीच आहे. पण कर्जदार रोज दुकानात बसलेला असताना, फोन उचलत असताना, आधी त्याला विचारायला नको का? त्या फोननंतर बहीण दोन महिने घरी आली नाही. हे तुमच्या कुठल्याच रकान्यात बसणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

जास्तीच्या रकमेवर दंडही लागतोय. तो मोठा नाही, पण ज्या खड्ड्यातून बाहेर यायचं त्यातच माती ओढणारा आहे.

तुमची अडचण मला समजत नाही असं नाही. पुनर्रचना केली की खात्याची वर्गवारी खाली जाऊ शकते, बँकेला नफ्यातून जास्त तरतूद करावी लागते, वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते आणि "हे खातं तुमच्या शाखेत का बिघडलं" हा प्रश्न तुम्हाला येतो. तुमची बदलीही कधीतरी होणारच, तेव्हा पुढच्या साहेबांवर सोडून द्यावं असं वाटणं माणसासारखं आहे. मलाही हे फुकट पडणार नाही. पतअहवालात पुनर्रचनेची नोंद राहील आणि काही वर्षं दुसरी कुठलीही बँक मला दारात उभं करणार नाही. ते मान्य करूनच मागतोय.

मला काय नको तेही सांगतो. व्याजमाफी नको. मुदलात सूट नको. सहा महिने हप्ता बंद ठेवा, असंही म्हणत नाही, जरी शेजारच्या दुकानदाराने मला तेच मागायला सांगितलं होतं. आज मुदत कर्जाची बाकी ८ लाख ३४ हजार आहे. सहा महिने काहीच भरलं नाही तर जवळपास ४७ हजार व्याज मुदलात मिळतं आणि त्याच उरलेल्या मुदतीत हप्ता वाढून बसतो. सवलत उपयोगाची असते ती अडचण सहा महिन्यांत संपणारी असेल तर. पूर आला, आजारपण आलं, रस्ता बंद झाला, तिथे ती चालते. माझी विक्री कायमची खालच्या पायरीवर आली आहे. मला हप्ता त्या पायरीच्या मापाचा हवा.

तेव्हा माझं मागणं असं. कॅश क्रेडिटची मर्यादा आठ लाखांवरून साडेपाच लाखांवर आणा. तुम्हाला लिमिट कमी करा म्हणणारा दुकानदार विरळाच भेटत असेल, पण चालत्या मालाची ड्रॉइंग पॉवर तेवढीच आहे. वरचे अडीच लाख मुदत कर्जात टाका. त्या अडीच लाखांमागे आता विकता येण्याजोगा माल नाही, मग ते मालाचं कर्ज म्हणून दर महिन्याला मला आणि तुम्हाला का छळतंय? नोटिशीतले ५४ हजार त्यातच मिटतात. ८ लाख ३४ हजार आणि हे अडीच लाख मिळून १० लाख ८४ हजार होतात. ते त्याच ११ टक्क्यांनी ८४ महिन्यांत बांधून द्या. हप्ता येतो साधारण १८,५५०.

आता पुन्हा ४३ हजारांपासून मोजा. घरचे १६ हजार. साडेपाच लाखांवरचं कॅश क्रेडिटचं व्याज ४,८००. हप्ता १८,५५०. उरतात ३,६५०. फार नाहीत, पण पहिल्यांदा वजाबाकी शून्याच्या वर राहते, आणि मालाच्या पैशाला हात लागत नाही. विक्री आणखी चार टक्के पडली तर हे ३,६५० जवळपास संपतात, हेही लपवत नाही. म्हणून ७२ महिने मागत नाही. त्यात हप्ता साधारण २०,६०० होतो आणि दीडेक हजारावर वर्ष काढावं लागतं. एक महिना पाऊस लांबला की पुन्हा तुमच्या दारात.

मी याची किंमत मोजतो आहे, हेही वाचणाऱ्यांना कळू दे. जुने ३८ हप्ते भरले असते तर मुदत कर्जाचं १ लाख ५७ हजार व्याज गेलं असतं. नव्या ८४ हप्त्यांत ते ४ लाख ७५ हजार जाईल. अडीच लाखांवर कॅश क्रेडिटचं व्याज तसंही चालू होतंच, तरीही फरक मोठा आहे. पुनर्रचना म्हणजे बँकेने केलेला धर्म, असं कुणी समजत असेल तर त्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

माझ्या बाजूने मी एवढं करीन. तुटलेल्या सेटचा माल सहा महिन्यांत निम्म्या भावाने काढून टाकीन. २ लाख ४० हजारांचे १ लाख २० हजार आले तरी पुष्कळ. त्यातले ६० हजार कर्जात भरीन आणि ६० हजारांचे मधले नंबर आणीन. सगळेच कर्जात भरायला लावू नका, नाहीतर तीच चूक पुन्हा होईल. स्टॉक स्टेटमेंटमध्ये यापुढे चालता माल आणि तुटका माल वेगळा दाखवीन. रोजची सगळी विक्री याच खात्यात जमा करीन. तशी ती आजही होते, गेल्या तीन वर्षांची महिनावार जमा काढून बघितलीत तर माझ्या एका शब्दावरही विश्वास ठेवायची गरज पडणार नाही.

बँकेकडून हवं ते असं : अर्ज आवक शिक्का मारून घ्या आणि ३० दिवसांत लेखी उत्तर द्या. नकार असेल तर कारणासह, म्हणजे वरच्या कार्यालयात काय लिहायचं ते मला कळेल. निर्णय होईपर्यंत जास्तीच्या ५४ हजारांवरचा दंड थांबवा आणि मेहुण्याला फोन करण्याआधी मला करा. मुदतीआधी पैसे भरले तर शुल्क नको, आणि वर्षातून एकदा खातं बघून विक्री वाढलेली दिसली तर हप्ता वाढवा, माझी हरकत नाही. साडेतीन लाखांची विक्री सलग सहा महिने झाली तर मीच येऊन वाढवा म्हणेन.

येत्या सोमवारी साडेदहाला मी शाखेत येतोय. सोबत माणसं मोजायची वही, तीन वर्षांची खरेदी-बिलं आणि नंबरवार मालाची यादी असेल. यादी हाताने केलेली आहे, अक्षर बायकोचं आहे, वाचता येईल. तपासणीवाल्यांना दुकानात पाठवणार असाल तर दुपारी दोननंतर पाठवा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं आणि एकेक खोका उघडून दाखवता येईल.

आपला,
तुमच्या शाखेचा एक कर्जदार दुकानदार